फोटोतला अवघड परिच्छेद दोन पातळ्यांवर सोपा करणे आणि अर्थ टिकला की नाही हे तपासणे

पाठ्यपुस्तकातील एखादा परिच्छेद अवघड असतो तेव्हा बहुतेकांचे लक्ष त्यातल्या जड संज्ञांकडे जाते. संज्ञा बदलल्या की परिच्छेद सोपा झाला, असे मानून काम पुढे नेले जाते. प्रत्यक्षात संज्ञेचा अर्थ सहसा हरवत नाही, कारण ती न समजल्यास आपण थांबतो आणि शोधतो. हरवतात ते ‘सामान्यतः’, ‘असल्यास’, ‘प्रामुख्याने’, ‘केवळ’ यांसारखे छोटे शब्द, कारण ते समजण्यासाठी थांबावे लागत नाही. विधान कितपत खरे आहे आणि कोणत्या अटीवर खरे आहे, हे मात्र त्याच शब्दांनी ठरते. पुढे दिलेली पद्धत या शब्दांना जपण्यासाठी आहे. ती समजावण्यासाठी महाराष्ट्रातील भूजलाविषयीचा एक परिच्छेद घेतला आहे. तो कोणत्याही पुस्तकातून उचललेला नसून महाविद्यालयीन भूगोल-भूशास्त्राच्या पुस्तकांच्या धाटणीने या लेखासाठी रचला आहे. तो तुमच्याकडे छापील पानाच्या फोटोच्या रूपात आला आहे, असे समजू.

फोटोपासून विश्वासार्ह मजकुरापर्यंत

अर्थाची पहिली गळती सोपे करताना होत नाही, ती फोटो वाचतानाच होते. म्हणून फोटो स्वतः काढणार असाल, तर पुस्तक सपाट उघडून, प्रकाश एका बाजूने आणि सारखा पडेल असे ठेवून, कॅमेरा पानाला समांतर धरावा. पुस्तकाच्या शिवणीकडे पान वळते आणि तिथली अक्षरे दबतात. तो भाग वेगळ्या फोटोत घ्यावा. हवा असलेला परिच्छेदच तेवढा कापून घेण्याचा मोह टाळावा. त्यावरचे शीर्षक, आधीच्या परिच्छेदाची शेवटची दोन वाक्ये, तळटीप आणि परिच्छेदात उल्लेख असलेली आकृती हे सारे फोटोत असावे. ‘अशा जलधरांचे’ या शब्दांनी वाक्य सुरू होत असेल, तर ‘अशा’ म्हणजे कशा, हे मागच्या वाक्यातच असते.

फोटोतून मजकूर काढण्यासाठी फोनमधली अक्षर-ओळखीची सोय बहुधा पुरेशी ठरते. संगणकावर काम करणाऱ्यांना टेसरॅक्ट हा अक्षर-ओळखीचा प्रोग्राम वापरता येतो. त्यासाठी मराठीची भाषा-फाइल आधी बसवलेली असावी लागते. मग ही आज्ञा द्यावी.

```
tesseract paan.jpg paan -l mar --psm 6
```

यातील शेवटचा पर्याय संपूर्ण चित्राला मजकुराचा एकच सलग ठोकळा समजतो. त्यामुळे पान दोन स्तंभांत छापलेले असेल, तर आधी एक स्तंभ कापून घ्यावा, नाहीतर दोन्ही स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि वाक्य वरवर सुसंगत, पण अर्थाने भलतेच होते.

निघालेला मजकूर कितीही स्वच्छ दिसला, तरी तो फोटोशी शब्दशः ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, ट आणि ड या जोड्या गोंधळाच्या असतात. शिरोरेषेवरचा अनुस्वार आणि रफार धूसर फोटोत नाहीसे होतात. अंकांत १ आणि ९, तसेच ३ आणि ६ यांची अदलाबदल होऊ शकते. शब्द बिघडून निरर्थक झाला, तर तो लगेच दिसतो. पण ‘घटते’चे ‘घडते’ झाले, तर शब्द शुद्धच राहतो आणि कोणताही शुद्धलेखन-तपासक हरकत घेत नाही. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द याहून धोक्याचे असतात. ‘अपार्य’, म्हणजे ज्यातून पाणी जाऊ शकत नाही असा, या शब्दातला ‘अ’ एका ओळीच्या टोकाला राहिला आणि पानाच्या कडेबरोबर फोटोतून कापला गेला, तर पुढच्या ओळीवर ‘पार्य’ उरते आणि खडकाचा गुणधर्म उलटा होतो. ताडण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे एकाने फोटोतून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने टंकित मजकुरावर बोट ठेवून ऐकावे. एकट्यानेच करायचे असेल, तर शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य मागे मागे वाचावे. त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज बांधून वाचण्याची सवय मोडते.

असा ताडून घेतलेला आपला परिच्छेद पुढीलप्रमाणे आहे.

> दख्खन पठारावरील बेसॉल्ट खडकांत प्राथमिक सच्छिद्रता अत्यल्प किंवा परस्परांशी न जोडलेली असल्याने भूजलाचे साठवण व वहन प्रामुख्याने अपक्षय, सांधे आणि भेगा यांमुळे निर्माण झालेल्या दुय्यम सच्छिद्रतेवर अवलंबून असते. लाव्हा प्रवाहांच्या वरच्या भागातील वायुपोकळ्यांनी युक्त बेसॉल्ट अपक्षयित असल्यास मध्यम प्रतीचा जलधर ठरू शकतो. तथापि या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट यांसारख्या दुय्यम खनिजांनी भरलेल्या असल्यास त्याची जलधारणक्षमता लक्षणीयरीत्या घटते. अखंड बेसॉल्ट भेगारहित असल्यास सामान्यतः अपार्य असतो. अशा जलधरांचे विशिष्ट उत्पन्न, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने निचरून मिळणाऱ्या पाण्याचे खडकाच्या घनफळाशी असलेले प्रमाण, साधारणतः १ ते ३ टक्के इतकेच असल्याने अल्प पुनर्भरणानेही भूजलपातळी वेगाने उंचावते आणि उपशानंतर तितक्याच वेगाने खालावते. त्यामुळे केवळ पावसाळ्यानंतरच्या पातळीवरून उपलब्ध साठ्याचे अनुमान करणे दिशाभूल करणारे ठरू शकते.

विधाने सुटी करणे

सोपे लिहायला लगेच सुरुवात करू नये. आधी परिच्छेद काय काय सांगतो, याची यादी करावी. यादीतील प्रत्येक विधान असे असावे की ते एकटे घेऊन ‘खरे की खोटे’ असे विचारता येईल. या टप्प्यावर भाषा सोपी करण्याची गरज नाही. अटी आणि मर्यादा विधानाला चिकटलेल्या राहिल्या, की पुरे.

१. दख्खन पठारावरील बेसॉल्टमधील प्राथमिक सच्छिद्रता अत्यल्प असते किंवा ती परस्परांशी जोडलेली नसते.
२. या कारणाने भूजल साठणे व वाहणे प्रामुख्याने दुय्यम सच्छिद्रतेवर अवलंबून असते.
३. दुय्यम सच्छिद्रता अपक्षय, सांधे व भेगा यांमुळे निर्माण होते.
४. लाव्हा प्रवाहांच्या वरच्या भागातील पोकळ्यांचा बेसॉल्ट, अपक्षयित असल्यास, मध्यम प्रतीचा जलधर ठरू शकतो.
५. पोकळ्या दुय्यम खनिजांनी भरलेल्या असल्यास पाणी धरण्याची क्षमता लक्षणीयरीत्या घटते. झिओलाइट व कॅल्साइट ही त्या खनिजांची उदाहरणे आहेत.
६. अखंड बेसॉल्ट, भेगारहित असल्यास, सामान्यतः अपार्य असतो.
७. अशा जलधरांचे विशिष्ट उत्पन्न साधारणतः १ ते ३ टक्के इतकेच असते.
८. या कारणाने थोड्या पुनर्भरणानेही पातळी वेगाने चढते.
९. याच कारणाने उपशानंतर ती तितक्याच वेगाने उतरते.
१०. म्हणून केवळ पावसाळ्यानंतरच्या पातळीवरून साठ्याचे अनुमान केल्यास दिशाभूल होऊ शकते.

यादी करताना परिच्छेदाचा सांगाडाही दिसू लागतो. १ मुळे २, ७ मुळे ८ आणि ९, आणि त्यांच्यामुळे १०, असे कारणांचे दोन धागे आहेत, तर ४ व ५ यांच्यात ‘तथापि’चे नाते आहे. हे नाते यादीच्या कडेला बाणाने दाखवून ठेवावे, कारण लांब वाक्य तोडताना पहिला घाव ‘असल्याने’ आणि ‘त्यामुळे’ यांवर पडतो. तुटलेली वाक्ये एकामागून एक नुसती ठेवली, तर प्रत्येक विधान उरते, पण कारण निघून जाते.

यादी करताना एखादे विधान आपल्यालाच नीट समजत नसेल, तर ते इथेच कळते. उदाहरणार्थ, ७ मधून ८ कसे निघते? विशिष्ट उत्पन्न २ टक्के धरले, तर १ मीटर जाडीच्या खडकात निचरण्याजोग्या पाण्याला फक्त २० मिलिमीटर उंचीएवढीच जागा असते. म्हणजे २० मिलिमीटर पाणी खाली पोहोचले, की पातळी १ मीटर चढते आणि तेवढेच काढले, की १ मीटर उतरते. हा हिशेब सोप्या रूपात घालायचा नाही, कारण मूळ परिच्छेदात तो नाही. पण तो मनात स्पष्ट असल्याशिवाय ‘इतकेच असल्याने’ या शब्दांचे वजन लिहिणाऱ्याच्या हाती लागत नाही.

याच टप्प्यावर पुढच्या तपासणीसाठी चार-पाच प्रश्न लिहून ठेवावेत. ते आत्ताच, मूळ परिच्छेद समोर असताना लिहायचे. सोपे रूप लिहून झाल्यावर प्रश्न काढले, तर आपण नकळत आपल्या लिखाणाला उत्तर देता येईल असेच प्रश्न काढतो.

दोन वाचक ठरवणे

‘सोपी’ आणि ‘अतिसोपी’ अशी नावे देऊन काम चालत नाही. प्रत्येक पातळीमागे एक वाचक हवा. इथे पहिला वाचक अकरावी-बारावीचा विद्यार्थी किंवा भूशास्त्र न शिकलेला, पण वर्तमानपत्र सहज वाचणारा प्रौढ माणूस आहे. त्याला लाव्हा, खनिज, घनफळ, टक्केवारी हे शब्द चालतात. अपक्षय, जलधर, अपार्य हे चालत नाहीत. दुसरा वाचक सातवीतील मुलगा किंवा मुलगी आहे. टक्केवारी तिने शिकलेली असते, पण ती खडकाच्या घनफळाला लावून पाहण्याचा सराव नसतो. दोन अटी असलेले वाक्य तिला पुन्हा वाचावे लागते.

पातळी मोजण्यासाठी इंग्रजीकरिता तयार झालेली वाचनीयतेची सूत्रे मराठीला लावू नयेत. ती बहुधा वाक्यांच्या आणि शब्दांच्या लांबीवर किंवा शब्दांतल्या उच्चारखंडांच्या संख्येवर चालतात. मराठीत ‘विहिरीवरच्यांनासुद्धा’ हा लांबलचक शब्द सातवीच्या मुलाला सहज कळतो आणि ‘पार्य’ हा दोन अक्षरांचा शब्द पदवीधरालाही अडवतो. त्याऐवजी दोन साध्या कसोट्या पुरतात. पहिली म्हणजे एका वाक्यात किती विधाने आहेत: वरच्या पातळीला दोन, क्वचित तीन चालतात, खालच्या पातळीला शक्यतो एकच. दुसरी म्हणजे क्रियेचे नाम झाले आहे का. ‘उपलब्ध साठ्याचे अनुमान करणे’ म्हणण्याऐवजी ‘किती पाणी आहे हे ठरवणे’ म्हटले, की वाक्य हलके होते. मराठी शास्त्रीय गद्याचा जडपणा बहुतांशी अशा नामांत आणि समासांत असतो, म्हणून समास सोडवणे आणि नामाचे क्रियापद करणे हेच सोपेकरणाचे मुख्य हत्यार आहे.

वरच्या पातळीचे रूप

आता मूळ परिच्छेद बाजूला ठेवून यादीवरून लिहावे. मूळ समोर असला, की त्याच्याच वाक्यरचनेत शब्द बदलले जातात आणि हाती येते ती शब्दांची अदलाबदल. प्रत्येक वाक्याच्या शेवटी विधानाचा क्रमांक लिहीत जावा. अंतिम प्रतीत तो काढून टाकता येतो.

> दख्खन पठारावरील बेसॉल्ट खडक तयार होताना त्यात राहिलेली छिद्रे फार थोडी असतात किंवा ती एकमेकांना जोडलेली नसतात (१). त्यामुळे जमिनीखालचे पाणी मुख्यतः नंतर निर्माण झालेल्या मोकळ्या जागांमध्ये साठते आणि त्यांतूनच पुढे सरकते (२). खडक झिजून ठिसूळ होणे, सांधे आणि भेगा यांमुळे अशा जागा तयार होतात (३). लाव्हा प्रवाहांच्या वरच्या भागातील, वायूच्या पोकळ्या असलेला बेसॉल्ट झिजून ठिसूळ झालेला असेल, तर तो पाण्याचा मध्यम प्रतीचा स्रोत ठरू शकतो (४). मात्र झिओलाइट, कॅल्साइट अशा नंतर तयार झालेल्या खनिजांनी त्या पोकळ्या भरलेल्या असतील, तर पाणी धरून ठेवण्याची त्याची क्षमता बरीच कमी होते (५). अखंड बेसॉल्टला भेगा नसतील, तर त्यातून सहसा पाणी जाऊ शकत नाही (६). पाणी देणाऱ्या अशा थरांमधून निचरून मिळणारे पाणी त्यांच्या घनफळाच्या साधारण १ ते ३ टक्केच असते (७). त्यामुळे थोडे पाणी मुरले तरी भूजलाची पातळी झपाट्याने चढते (८) आणि उपसा झाल्यावर तितक्याच झपाट्याने उतरते (९). म्हणून फक्त पावसाळ्यानंतरची पातळी पाहून किती पाणी उपलब्ध आहे याचा अंदाज बांधला, तर तो फसवा ठरू शकतो (१०).

सातव्या विधानाकडे विशेष लक्ष द्यावे. इथे ‘अशा खडकातून’ असे लिहिण्याचा मोह होतो आणि वाक्य ऐकायलाही बरे वाटते. पण त्याच्या लगेच आधी अखंड बेसॉल्टचे वाक्य आहे. वाचक ‘अशा’चा संबंध त्याच्याशी जोडेल आणि ज्या खडकातून पाणी जात नाही, त्यातूनच १ ते ३ टक्के पाणी मिळते, असे समजून बसेल. लांब वाक्ये तोडली, की सर्वनामे आणि ‘असा’, ‘तो’, ‘त्याची’ हे शब्द आपल्या मूळ नामापासून दूर जातात. म्हणून वाक्य तोडल्यावर प्रत्येक सर्वनामावर थांबून ‘हे कोण?’ असे विचारावे आणि शंका असेल तिथे नाम पुन्हा लिहावे. नामाची पुनरुक्ती शालेय निबंधात दोष मानतात. समजावून सांगणाऱ्या गद्यात ती बिनदिक्कत करावी.

खालच्या पातळीचे रूप

खालचे रूप वरच्या रूपावरून लिहू नये. तेही यादीवरूनच लिहावे. वरच्या रूपात ‘लक्षणीयरीत्या’चे ‘बरीच’ झाले, त्यावरून लिहिताना ‘बरीच’चे ‘खूपच’ होते आणि पुढच्या हाताखाली ‘पाणी राहतच नाही’ होते. प्रत्येक पायरी लहान वाटते, पण अंतर साठत जाते.

> दख्खनच्या पठारावर बेसॉल्ट नावाचा खडक आहे. हा खडक तयार झाला, तेव्हा त्यात राहिलेली छिद्रे फार थोडी होती किंवा ती एकमेकांना जोडलेली नव्हती (१). म्हणून जमिनीखालचे पाणी मुख्यतः खडकात नंतर झालेल्या मोकळ्या जागांमध्ये साठते. पुढेही ते मुख्यतः तिथूनच सरकते (२). खडक झिजल्यामुळे, त्यातल्या सांध्यांमुळे आणि भेगांमुळे अशा जागा तयार होतात (३).
>
> लाव्हा थंड होऊन बेसॉल्ट बनतो (+). लाव्हाच्या थरांच्या वरच्या भागात वायूच्या पोकळ्या असलेला बेसॉल्ट असतो. हा बेसॉल्ट झिजलेला असेल, तर त्यातून मध्यम प्रमाणात पाणी मिळू शकते (४). पण त्याच्या पोकळ्या नंतर तयार झालेल्या खनिजांनी भरलेल्या असतील, तर तो बरेच कमी पाणी धरतो (५). काही बेसॉल्ट अखंड असतो. त्याला भेगा नसतील, तर त्यातून सहसा पाणी जात नाही (६).
>
> ज्या थरांतून पाणी मिळते, त्यांतूनही ते थोडेच मिळते. खडकाचे १०० सारखे भाग कल्पिले, तर साधारण १ ते ३ भागांएवढेच पाणी निचरून बाहेर येते (७). म्हणून थोडे पाणी मुरले, तरी जमिनीखालच्या पाण्याची पातळी भराभर वर येते (८). पाणी उपसले, की ती तितक्याच भराभर खाली जाते (९). म्हणून फक्त पावसाळ्यानंतरची पातळी पाहून जमिनीखाली किती पाणी आहे हे ठरवले, तर आपण फसू शकतो (१०).

खालचे रूप मुळापेक्षा आखूड झालेले नाही. सोपे करणे म्हणजे लहान करणे नव्हे. दहा विधाने पूर्ण आणि एकेका वाक्यात सांगायची, तर जागा लागतेच. आखूड हवे असेल, तर तो सारांश आहे. सारांशात काही विधाने जाणूनबुजून सोडली जातात, तेव्हा त्याची कसोटीही निराळी असते.

अधिकाच्या खुणेचे वाक्य मुळात नाही. ते खरे आहे आणि त्याच्याशिवाय पुढचे वाक्य सातवीच्या वाचकाला कळणार नाही, म्हणून ते ठेवले आहे. अशी भर चालते, पण ती खुणेने वेगळी दिसली पाहिजे आणि तिच्यामुळे कोणतेही मूळ विधान बदलता कामा नये. ‘झिओलाइट’ आणि ‘कॅल्साइट’ ही नावे मात्र गाळली आहेत. मुळात ‘यांसारख्या’ हा शब्द असल्यामुळे ती केवळ उदाहरणे होती. तिथे तो शब्द नसता आणि ही दोनच खनिजे अभिप्रेत असती, तर ती गाळता आली नसती.

अर्थ टिकला का, हे कसे ओळखावे

पहिली तपासणी दोन्ही दिशांनी करायची. यादीतील प्रत्येक क्रमांक दोन्ही रूपांत सापडतो का, हे पाहिल्यावर काय सुटले ते कळते. मग उलट जाऊन रूपातील प्रत्येक वाक्याला यादीत जागा आहे का, हे पाहिल्यावर काय नव्याने घुसले ते कळते. दुसरी दिशा बहुतेक जण विसरतात आणि अर्थाचे विपर्यास तिथेच असतात. ‘दख्खन पठारावरील काळा बेसॉल्ट’ असे लिहिले, तर ‘काळा’ या शब्दाला यादीत जागा नाही. ‘प्रत्येक लाव्हा प्रवाहाच्या वर’ असे लिहिले, तर ‘प्रत्येक’ला नाही.

दुसरी तपासणी छोट्या शब्दांची आहे. मूळ परिच्छेदाची प्रत काढून त्यातले मर्यादा, अट आणि नाते दाखवणारे शब्द पेन्सिलीने घेरावेत. इथे ते अत्यल्प, किंवा, असल्याने, प्रामुख्याने, असल्यास (तीनदा), मध्यम, ठरू शकतो, तथापि, लक्षणीयरीत्या, सामान्यतः, साधारणतः, इतकेच, अल्प, तितक्याच, त्यामुळे, केवळ, ठरू शकते असे आहेत. दोन्ही रूपांत प्रत्येकाचा जोडीदार शोधून त्याखाली रेघ मारावी. जोडीदार सापडला नाही, तर अर्थ बदलल्याची शक्यता मोठी असते. ‘किंवा’ हा शब्द इथे विशेष दगा देणारा आहे. तो गाळून ‘बेसॉल्टमध्ये छिद्रे नसतात’ असे लिहिले, तर पुढे लगेच वायूच्या पोकळ्या येतात आणि वाचकाला परिच्छेद स्वतःलाच खोडतो आहे असे वाटते.

तिसरी तपासणी एका प्रश्नाची आहे: मूळ विधान खरे, पण आपले वाक्य खोटे, अशी एखादी परिस्थिती कल्पिता येते का? येत असेल, तर अर्थ बदलला. ‘थोडा पाऊस पडला तरी पातळी झपाट्याने चढते’ हे वाक्य घेऊ. मुळात ‘अल्प पुनर्भरण’ आहे, म्हणजे खाली पोहोचलेले पाणी. एखादी सर पडली, ती कोरड्या मातीने शोषून घेतली किंवा उतारावरून वाहून गेली, तर पाऊस पडला तरी पुनर्भरण झालेच नाही. मूळ विधान तेव्हाही खरे राहते, आपले वाक्य मात्र खोटे ठरते. म्हणून दोन्ही रूपांत ‘पाणी मुरले’ असे आहे. हाच प्रश्न उलटाही विचारावा: आपले वाक्य खरे, पण मूळ खोटे, अशी परिस्थिती आहे का? ‘भेगा नसलेल्या अखंड बेसॉल्टमधून कधीकधी पाणी जात नाही’ असे लिहिले, तर ते क्वचितच्या प्रसंगीही खरे ठरते. ‘सामान्यतः’ त्याहून बरेच जास्त सांगतो. म्हणजे विधान इथे फुगलेले नाही, उलट पातळ झाले आहे. सावधपणे लिहिणाऱ्यांकडून दुसऱ्या प्रकारची चूक अधिक होते.

चौथी तपासणी माणसावर करायची. ज्या वाचकासाठी लिहिले, त्याला फक्त त्याच्या पातळीचे रूप द्यावे आणि आधी लिहून ठेवलेले प्रश्न विचारावेत. या परिच्छेदासाठी असे प्रश्न चालतील: पोकळ्या खनिजांनी भरलेल्या बेसॉल्टमध्ये पाणी अजिबात नसते का? पोकळ्या असलेला बेसॉल्ट असला, की मध्यम प्रमाणात पाणी मिळू शकतेच का, की त्यासाठी आणखी काही लागते? पातळी झपाट्याने का चढते? पावसाळ्यानंतरची पातळी मोजणे निरुपयोगी आहे, असे परिच्छेद म्हणतो का? आणि विहीर किती खोल खणावी? शेवटच्या प्रश्नाचे योग्य उत्तर ‘परिच्छेदात सांगितलेले नाही’ हे आहे. असा एखादा प्रश्न असावाच, कारण वाचक आपल्या रूपातून न सांगितलेली गोष्टही वाचतो आहे का, हे त्यावरूनच कळते. चौथा प्रश्नही तसाच उपयोगी आहे. परिच्छेद ‘केवळ’ त्या पातळीवर विसंबू नये असे म्हणतो, ती मोजूच नये असे नाही.

उत्तर चुकले, तर वाचकाला दोष देण्याआधी त्याने कोणत्या वाक्यावरून उत्तर दिले ते दाखवायला सांगावे. त्याने बोट ठेवलेले वाक्य दुरुस्त करावे आणि नव्या वाचकावर पुन्हा तपासावे. त्याच वाचकाला आता उत्तर माहीत झालेले असते. उत्तर बरोबर आले, तरी एक दक्षता हवी. कोरडवाहू गावातल्या मुलाला विहीर लवकर आटते हे घरूनच ठाऊक असते, त्यामुळे नववे विधान तो आपले रूप न वाचताही सांगेल. अनुभवावरून देता येणार नाही असे उत्तर मागणारे प्रश्न, उदाहरणार्थ खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा, अधिक भरवशाचे असतात.

जिथे खाली जाता येत नाही

काही विधाने एका मर्यादेपलीकडे सोपी होत नाहीत. चौथीच्या मुलांसाठी हाच परिच्छेद मागितला, तर सातवे विधान अडते. ‘निचरून मिळणारे पाणी’ आणि ‘खडकातले एकूण पाणी’ यांत फरक आहे. काही पाणी खडकाला चिकटून राहते आणि निचरत नाही. हा फरक चौथीच्या वाचकाला दोन वाक्यांत कळणार नाही आणि तो पुसून ‘खडकात १ ते ३ टक्केच पाणी असते’ असे लिहिले, तर ते वेगळेच विधान होते. अशा वेळी आकडा सोडून ‘थोडेच पाणी मिळते’ एवढे ठेवावे आणि रूपाच्या वर ‘यात पाण्याच्या प्रमाणाचा आकडा दिलेला नाही’ अशी ओळ लिहावी. त्या रूपाला पूर्ण परिच्छेदाचे सोपे रूप न म्हणता त्यातील निवडक भागाचे रूप म्हणावे.

फोटो, ताडून पाहिलेला मजकूर, क्रमांकित यादी, प्रश्न आणि दोन्ही रूपे एकाच फोल्डरमध्ये, पुस्तकाची आवृत्ती व पृष्ठ क्रमांक लिहून ठेवावीत. आवृत्ती बदलली आणि ‘१ ते ३’च्या जागी दुसरा आकडा आला, तर सारे पुन्हा लिहावे लागत नाही. यादीतले सातवे विधान बदलायचे, दोन्ही रूपांत (७) ची खूण शोधून तिथला आकडा बदलायचा आणि मग ८, ९ व १० ही त्याच्यावर उभी असलेली विधाने नव्या आकड्यानंतरही तशीच उरतात का, हे नव्या आवृत्तीच्या पानाशी ताडून पाहायचे.